दीड लाखाचे कान

सासूबाईंच्या कानांना यंत्रं लावली तेव्हा त्यांनी पहिली तक्रार केली ती पंख्याची. छताकडे बघत म्हणाल्या, "हा एवढा वाजतो?" यंत्रं बसवणाऱ्या बाई हसल्या. आम्ही घरात त्यांना कानवाल्या बाई म्हणतो, कारण त्यांच्या पाटीवरचं हुद्द्याचं नाव आमच्यापैकी कुणालाच धड म्हणता येत नाही. त्यांनी कागदाचा एक तुकडा सासूबाईंच्या पाठीमागे हळूच चुरगळला आणि सासूबाई दचकून वळल्या. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. त्याचे डोळे भरून आले होते, आणि खरं सांगायचं तर माझेही.

मग बाईंनी किंमत सांगितली. दोन कानांचे मिळून दीड लाख. डोळे आपोआप कोरडे झाले.

सासूबाई भांड्यांच्या कारखान्यात होत्या. पत्र्याच्या चकत्या दाबून त्यांची पातेली करणारं मोठं यंत्र असतं, त्याच्या शेजारी त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली. सासरे लवकर गेले, मुलगा लहान, दुसरा पर्याय नव्हता. यंत्राच्या ठोक्यांनी कान हळूहळू गेले. मी लग्न होऊन आले तेव्हा जरा मोठ्याने बोलावं लागायचं. पुढे ओरडावं लागायला लागलं, आणि मग आम्ही ओरडायचाही कंटाळा केला. खुणांवर भागवायला लागलो. जेवायला या, औषध घ्या, कोणीतरी आलंय, एवढ्या तीन-चार खुणांवर एका माणसाशी कितीही वर्षं राहता येतं.

दवाखान्याचा नियम असा होता की पूर्ण पैसे आधी भरायचे, यंत्र घरी न्यायचं आणि महिनाभर वापरून बघायचं. नाहीच जमलं तर यंत्र परत आणि पैसे परत, ज्या कार्डावरून दिले त्याच कार्डावर. नवऱ्याने ऐटीत क्रेडिट कार्ड काढून दिलं. तो घरोघरी जाऊन एसी दुरुस्त करतो. उन्हाळ्यात त्याला जेवायला फुरसत नसते आणि एरवी त्याच्या फोनला गंज चढतो. तेव्हा गंजाचेच दिवस होते. घरात रोकड म्हणाल तर भाडं आणि किराणा जाऊन जे उरतं तेवढीच.

परत येताना बसमध्ये मी कार्डाच्या तारखा बघितल्या आणि कपाळाला हात लावला. माझं कामच हिशेबाचं, रंगाच्या घाऊक दुकानात. तारखा बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. बिल निघायला दोनच दिवस होते. दोन दिवस थांबून यंत्र घेतलं असतं तर हे दीड लाख पुढच्या बिलात गेले असते, आणि यंत्र ठेवायचं की नाही हे ठरल्यावर निवांत पैशाचं बघता आलं असतं. आता बिल भरायची तारीख आधी येत होती आणि वापरून बघायची मुदत नंतर संपत होती. म्हणजे सासूबाईंना ते मानवतंय की नाही हे कळायच्या आतच दीड लाख कुठून आणायचे हे ठरवायला हवं. नाही ठरवलं तर कार्डाचं मोकाट व्याज, जे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या घरात जातं.

"तुला घाईच फार," मी नवऱ्याला म्हटलं.

"आईला ऐकू यायला पाहिजे होतं की नको?" तो म्हणाला. या प्रश्नाला कोणती सून उत्तर देईल?

आमच्या घरात एक सवय होती. सवय कसली, सोय म्हणा. एक खोली आणि पुढे स्वयंपाकघर. भांडायचं, पैशाचं बोलायचं, कुणाच्या उखाळ्यापाखाळ्या काढायच्या, तर जागा एकच, स्वयंपाकघरातलं टेबल. त्या टेबलाच्या टोकाला सासूबाई नेहमी काहीतरी निवडत, सोलत बसलेल्या. त्यांच्यासमोर आम्ही वाटेल ते बोलायचो. ऐकू येतच नव्हतं तर आडपडदा कशाला? मला इतक्यात मूल नको होतं तो वाद, नवऱ्याने मित्राला उसने दिलेले पैसे बुडाले तो वाद, सगळे त्यांच्या डोक्यावरून गेले. मध्येच त्या मान वर करून हसायच्या आणि आम्ही तोंड न थांबवता हसून दाखवायचो.

बिल निघालं त्या संध्याकाळीही तसंच झालं. सासूबाई टेबलाच्या टोकाला वाटाणे सोलत होत्या. नवऱ्याने फोन पुढे धरला.

"हे बघ. कार्डवाल्यांचा मेसेज आलाय. हप्त्यांत करून देतात. महिन्याला फक्त पाऊण टक्का. म्हणजे वर्षाला नऊ. तुझं ते पर्सनल लोन किती टक्क्यांनी?"

"बारा."

"मग? नऊ कमी की बारा?"

माझ्या पगाराच्या बँकेतून मला कर्ज मिळत होतं. दुपारी दुकानातून तिथल्या मुलाशी फोनवर बोलूनही घेतलं होतं. मी दिवसभर दुसऱ्यांच्या मालाचे आकडे जुळवून आले होते, पाय ठणकत होते, आणि आता नऊ कमी की बारा हे शिकवायचं होतं.

"कार्डाचे नऊ सरसकट आहेत," मी म्हटलं. "सरसकट म्हणजे पहिल्या महिन्यापासून शेवटच्या महिन्यापर्यंत व्याज पूर्ण दीड लाखावर. शेवटच्या हप्त्याला आपल्याकडे त्यांचे साडेबारा हजारच उरलेले असतील, तरी व्याज दीड लाखाचंच. कर्जाचे बारा टक्के उरलेल्या रकमेवर. जसजसं फेडशील तसतसं व्याज उतरतं."

"म्हणजे?"

"म्हणजे कार्डाचं वर्षाचं व्याज साडेतेरा हजार. कर्जाचं दहा हजारालाही थोडं कमी."

पण हार मानणं त्याच्या रक्तात नाही. "फी? तुझे बँकवाले फी घेतात. कार्डाची फी एकच टक्का."

हे मात्र बरोबर होतं. बँकेची फी अडीच टक्के होती. पावणेचार हजार, त्यावर अठरा टक्के कर, म्हणजे चार हजार चारशे पंचवीस. आणि ती वेगळी मागत नाहीत, देतानाच कापून घेतात. दीड लाखाचं कर्ज घेतलं की हातात येतात एक लाख पंचेचाळीस हजार आणि थोडे. राहिलेला खड्डा आपण घरातून भरायचा, आणि व्याज मात्र पूर्ण दीड लाखावर. हेही मी त्याला सांगितलं, कारण हिशेबात मी कुणाची बाजू घेत नाही.

"बघ," तो म्हणाला.

"पुढे ऐक. कार्डाची फी दीड हजार आणि तिच्यावरचा कर, सतराशे सत्तर. पण कार्डवाले व्याजावरही कर लावतात, बँक कर्जाच्या व्याजावर लावत नाही. साडेतेरा हजारांवर अठरा टक्के, दोन हजार चारशे तीस. सगळं मिळून कार्ड पडतं सतरा हजार सातशेला. कर्ज पडतं चौदा हजार साडेतीनशेला. साधारण सव्वातीन हजारांचा फरक आहे."

"सव्वातीन हजारांसाठी बँकेत खेटे घालायचे? पगाराच्या पावत्या, सह्या, आणि कर्ज तुझ्या नावावर? माझ्या आईचे कान आणि कर्ज बायकोच्या नावावर!"

आता गाडी पैशावरून मानापमानावर आली. इथून पुढे काय बोललं गेलं ते सगळं सांगण्यासारखं नाही. मी म्हटलं की मान परवडायलाही पगार लागतो. तो म्हणाला, बारा महिने तेरा-साडेतेरा हजार कुठल्याही वाटेने जाणारच आहेत, मेलो तरी सुटका नाही. मग दमून, आवाज खाली आणून तो म्हणाला, "खरं सांगू का, मला कधीकधी वाटतं की घेतलंच कशाला. तिची अशी किती वर्षं राहिलीत? पाच? सहा? आणि तिला ऐकायचं तरी काय आहे इथे?"

तो वाईट नाही. दिवसभर फोन वाजला नाही की तो असं बोलतो. आणि तेवढ्यापुरतं मलाही ते खरं वाटलं होतं. सासूबाईंनी मान वर केली नाही. त्या वाटाणे सोलत राहिल्या. यंत्रं इतकी लहान आणि केसांत अशी झाकलेली की ती त्यांच्या कानांमागे आहेत हे आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नाही. ज्या वस्तूच्या पैशावरून भांडत होतो तीच वस्तू विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी दोन्ही यंत्रं काढून डबीत ठेवली आणि डबी टेबलावर माझ्यासमोर सरकवली.

"खरखर होते," त्या म्हणाल्या. "डोकं दुखतं. मला नको हे."

मी खुणेने म्हटलं, दोन दिवसांत सवय होईल. त्यांनी मान हलवली. मी पुन्हा कानवाल्या बाईंकडे घेऊन गेले. बाईंनी संगणकाला जोडून आवाज कमी केला, वाढवला, कानात बसणारं टोक बदललं. प्रत्येक वेळी सासूबाईंचं एकच. खरखर होते. बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पहिल्या दिवशी तर छान ऐकत होत्या." बाई म्हणाल्या की नको असेल तर मुदत संपायच्या आत आणून द्या, पैसे कार्डावर परत करू.

नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर आधी दुःख आलं आणि मागोमाग दुसरं काहीतरी. सुटल्यासारखं म्हणा. मग लगेच तो अस्वस्थ झाला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मी लक्ष दिलं नाही. मला वाटलं, आईचं वाईट वाटतंय.

माझं कर्ज मंजूर झालं होतं. नुसती सही बाकी होती. बँकेतला मुलगा रोज फोन करायचा. "मॅडम, आज करून टाकू या का? बरोबर एक छोटासा विमा पण घेऊन टाका." मी त्याला विमा नको म्हणून सांगितलं आणि सहीही लांबवली. यंत्र परत जाणार असेल तर कर्ज कशाला? एकदा घेतलं की फी बुडाली, आणि लवकर फेडायला गेलं तर त्याचाही दंड असतो. बिल भरायची तारीख जवळ येत होती. मी दुकानात बेरजा चुकायला लागले, जे माझ्या हातून सहसा होत नाही.

त्या आठवड्यात एकदा रंगाचे डबे मोजायला दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं आणि मला दुपारीच सोडलं. घरी आले. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून बोलण्याचा आवाज येत होता. मला वाटलं, कोणी आलंय. मग कळलं की एकच माणूस बोलतंय, थांबतंय, पुन्हा बोलतंय. सासूबाई फोनवर होत्या. कित्येक वर्षांत मी त्यांना फोन कानाला लावताना बघितलं नव्हतं. पलीकडे त्यांची धाकटी बहीण, माझी मावससासू.

"आवाज तुझा अगदी आईसारखा झालाय गं," त्या म्हणत होत्या. आणि हसत होत्या. त्यांच्या हसण्याला आवाज आहे हेही मी विसरले होते. "हो, अगदी स्वच्छ येतंय. श्वास घेतलेला पण येतोय."

मी पिशवी हातात धरून दारातच उभी राहिले.

"नाही गं, परत द्यायचंय. दीड लाख! वर सतरा हजार वेगळे. कार्डाने घेतलं तर. नाहीतर चौदा. सूनबाईने अगदी आकड्यासकट सांगितलं. हुशार आहे ती, दिवसभर राबून येते आणि वर हे." मग पलीकडचं ऐकून म्हणाल्या, "नाही, त्यांनी मला काही म्हटलं नाही. तो म्हणत होता, राहिलीत किती वर्षं. खरंच आहे की. त्याचे हात बघितलेस का तू? या वर्षी काम नाही त्याला. मी एवढं ऐकून काय करू? तुला तेवढं आज ऐकून घेतलं, पुरे झालं. दुपारी कोणी नसतं, मुदत संपेपर्यंत फोन करत जाईन तुला."

मी आवाज न करता जिना उतरले आणि खालच्या पायरीवर बसून राहिले. रडू आलं ते आलंच, पण त्याहून जास्त लाज वाटली. माझ्या डोक्यात आधी काय आलं असेल? त्या संध्याकाळी मी सांगितलेला प्रत्येक आकडा. माझाच आवाज. किती खणखणीत आणि किती व्यवस्थित बोलत होते मी.

नवरा आला तेव्हा मी अजून पायरीवरच होते. त्याला तिथेच बसवलं आणि सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. "किती वर्षं राहिलीत" हेही त्यांनी ऐकलं म्हटल्यावर त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"परत करायचं नाही," मी म्हटलं. "उद्याच कर्जावर सही करते आणि कार्ड भरून टाकू."

"ते नाही होणार," तो हातांआडून म्हणाला.

"का?"

"मी त्याच दिवशी बटण दाबलं. आपलं भांडण झालं ना, त्यानंतर. हप्ते करून टाकले."

मी अडीच टक्के की एक टक्का, सरसकट की उरलेल्यावर, असं घसा कोरडा करून सांगितलं, आणि त्या माणसाने भांडण जिंकायचं म्हणून बटण दाबलं. वर इतके दिवस ताकास तूर लागू दिली नाही. आई यंत्र नको म्हणाली तेव्हा तोंड का मिटलं ते आता कळलं.

"रद्द कर," मी म्हटलं.

"फोन केला होता. रद्द करायची मुदत गेली. आता बंद करायचं तर उरलेल्या रकमेवर तीन टक्के आणि त्यावर कर."

माझं डोकं माझं ऐकत नाही, ते लगेच कामाला लागतं. पहिला हप्ता अजून गेला नव्हता, म्हणजे पूर्ण दीड लाख उरलेले. तीन टक्के साडेचार हजार, वर कर आठशे दहा. आणि फीचे सतराशे सत्तर गेले ते गेलेच. यंत्र परत केलं तर पैसे कार्डावर येतील, पण हप्ते आपोआप थांबत नाहीत, वेगळं सांगून ते बंद करावे लागतात. म्हणजे कानात काहीही न घालता सात हजार ऐंशी रुपये पाण्यात, वर तोवरचं थोडं व्याज. आणि माझं कर्ज घेऊन कार्ड मोकळं करायचं म्हटलं तर तोच दंड, वर बँकेची फी आणि व्याज. माझं स्वस्त कर्ज एका बटणाने महाग झालं होतं.

"तुला अक्कल आहे का?" मी विचारलं.

"नाही," तो म्हणाला. इतकं सरळ उत्तर त्याने मला लग्नानंतर पहिल्यांदाच दिलं असेल.

आणि तेव्हाच माझ्या लक्षात आलं की या मूर्खपणाचा एक उपयोग आहे.

वर गेलो. सासूबाईंच्या कानांत काही नव्हतं, डबी फळीवर होती. मी डबी उघडली, यंत्रं त्यांच्या हातात दिली आणि खुणेने सांगितलं, घाला. त्यांनी "खरखर" म्हणायला तोंड उघडलं.

"आई," मी त्यांच्यासमोर बसून, ओठ दिसतील असं म्हटलं. "मी दुपारी घरी आले होते. दारात होते."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग हळूच, सराईतासारखी, एकेक करून त्यांनी यंत्रं कानांमागे अडकवली.

"किती ऐकलंस?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही जेवढं ऐकलंत तेवढं."

नवरा दाराशी उभा होता. त्याला आत यायचा धीर होत नव्हता. सासूबाई त्याच्याकडे न बघता मला म्हणाल्या, "हे बघ, माझं ठरलंय. बारा महिने त्याच्या गळ्यात ते लोढणं नको. परत देऊन टाका."

"द्यायला हरकत नाही," मी म्हटलं. "पण तुमच्या लेकाने बटण दाबलंय." आणि मी त्यांना सगळं समजावलं. ओरडून नाही, साध्या आवाजात. बंद करायचा दंड, त्यावरचा कर, फी परत येत नाही ते. त्या अधूनमधून थांबवून विचारत होत्या. "म्हणजे यंत्र पण नाही आणि सात हजार पण नाहीत?" "हो." "बँकेचं घेऊन हे फेडलं तर?" "आणखी जास्त जातात." "तुझं स्वस्त होतं ना?" "आधी होतं. आता नाही."

शेवटी त्या लेकाकडे वळल्या. "लहानपणापासून असाच," त्या म्हणाल्या. "शाळेची फी भरायला दिली की रस्त्यात काहीतरी घेऊन यायचा."

"आई, मी ते बोललो," नवरा दारातून म्हणाला, "ते वर्षांचं..."

"दमला होतास," त्या म्हणाल्या. "राहू दे आता. सात हजार काय फेकून द्यायचे?"

यंत्रं राहिली.

मला वाटलं, इथे सगळं सुरळीत झालं. पण झालं उलटंच. आम्ही दोघंही जपायला लागलो. टेबलावर पैशाचं बोलणं बंद झालं. नवऱ्याला काम मिळालं का हे मी टेबलावर विचारेना, आणि तोही सांगेना. हप्त्यांचं बोलायचं असलं की मी डोळ्यांनी खूण करायची आणि आम्ही जिन्यात जायचो. शेजारच्या बाईंना वाटलं आमचं काही बिनसलंय. भांडण कुजबुजत करता येत नाही, ते नासतं. आम्ही भांडेनासेच झालो. घरात भांड्यांचा आणि पंख्याचा तेवढा आवाज राहिला. सासूबाई टेबलाच्या टोकाला बसायच्या, आणि आम्ही जवळून गेलो की मान वर करायच्या.

पहिला हप्ता असलेलं बिल आलं. तेरा हजार सहाशे पंचवीस, वर व्याजावरचा कर आणि फी. मी नवऱ्याला खूण केली आणि उठले. तोही उठला.

"बसा," सासूबाई म्हणाल्या.

आम्ही उभेच.

"बसा म्हणते ना. जिन्यात कशाला जाता? मला काही कळत नाही असं वाटतं का तुम्हाला?" त्यांनी हातातली भाजी टेबलावर ठेवली. राग होता की दुसरं काही, कळेना. "इतकी वर्षं तुमची तोंडं हलताना बघत बसले मी. वाटायचं, काय बोलत असतील एवढं? आता ऐकू येतंय तर या घरात कोणी बोलतच नाही. मग हे कानात घालून मी काय करू? दीड लाख देऊन मला पुन्हा बहिरं केलंत."

नवरा खाली बसला. मीही बसले. मला रडायचं नव्हतं, म्हणून मी जे येतं ते केलं. बिल टेबलावर ठेवलं.

"आई," मी म्हटलं, "याने दोन आठवड्यांत काही कमावलं नाही. माझा पगार पाच तारखेला. भाडं आणि हे मिळून आपल्याला चार हजार कमी पडतात."

"चार की साडेचार?" नवऱ्याने विचारलं.

"चार. तू नीट बघत नाहीस."

"गॅस धरलास का?"

"धरला."

"मग त्या हॉटेलवाल्याकडे माझे दोन हजार यायचेत, ते?"

"ते तू तीन महिने सांगतोयस!" मी ओरडलेच. नवराही काहीतरी ओरडला. सासूबाई एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत, पुढ्यातली भाजी निवडत, सगळं ऐकत होत्या.